डावी कंबर खचते, दुखतो उजवा खुबा

"डॉक्टर, माझी डावी बाजू कमजोर आहे," असं म्हणत तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. मैत्रिणीनं मागून घेतलेला धावतानाचा व्हिडिओ होता. उजवं पाऊल टेकलं की डावीकडची कंबर खाली जायची, दर पावलाला. जी बाजू पडते ती दुबळी, असा सरळ हिशेब करून तिनं दोन महिने डाव्या खुब्याचे व्यायाम केले होते. दुखत मात्र होता उजवा.

वय ४३, वजन ६० किलो, आठवड्यातून तीन-चार दिवस धावणं. अर्ध्या मॅरेथॉनच्या तयारीत तिनं चार आठवड्यांत आठवड्याचं अंतर २० किलोमीटरवरून ३५वर नेलं होतं. त्यानंतर उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, पँटच्या खिशाच्या जागी, दुखायला लागलं. आधी फक्त धावून आल्यावर, मग जिना चढताना आणि पुढे रात्री त्या कुशीवर वळलं तरी. डाव्या कुशीवरही फार वेळ चैन पडायची नाही. कुणीतरी सायटिका म्हणून सांगितलं होतं. पाठीचा एमआरआय झाला होता आणि त्यात त्या वयात बहुतेकांच्या दिसतं तेवढंच दिसलं होतं.

डावी बाजू पडते म्हणून दोष डावीकडे, ही चूक इतकी साहजिक आहे की ती नीट उलगडून सांगावी लागते. ग्लुटिअस मीडिअस हा पंख्याच्या आकाराचा स्नायू. त्याचा पसरट भाग कंबरेच्या हाडाच्या बाहेरच्या पृष्ठावर असतो आणि निमुळता शेवट मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर येऊन बसतो. हा उंचवटा खुब्यावर बाजूनं हात दाबला की लागतो. पुस्तकात या स्नायूचं काम 'पाय बाजूला नेणं' असं दिलेलं असतं. ते खरं आहे, पण पाय हवेत असेल तेव्हा. चालताना ज्या पायावर आपण उभे असतो तो जमिनीला खिळलेला असतो, बाजूला जाऊ शकत नाही. मग स्नायू आखडला की दुसरं टोक हलतं, म्हणजे कंबरेचं हाडांचं कडं, पेल्विस. उजवा ग्लुटिअस मीडिअस पेल्विसची उजवी कड मांडीकडे खाली ओढतो आणि त्यामुळे, सी-सॉच्या फळीसारखी, डावी बाजू वर राहते. डावा पाय त्या क्षणी हवेत लोंबत असतो. त्याला आधार देणारं डावीकडे काहीच नसतं. म्हणून डावी कंबर खचत असेल तर पाहायचं उजवीकडे.

जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिख ट्रेंडेलेनबर्ग यांनी हे १८९५ साली दाखवलं. जन्मतः खुबा निखळलेल्या रुग्णांच्या डुलत्या चालीकडे पाहताना त्यांनी बोट ठेवलं ते पेल्विस धरून ठेवू न शकणाऱ्या स्नायूंवर. एका पायावर उभं करून पेल्विस पाहण्याची चाचणी अजून त्यांच्याच नावानं चालते.

आता या बाईंच्या शरीरावर थोडं गणित करू, कारण पुढची सगळी उकल त्यावरच उभी आहे. उजव्या पायावर उभं असताना त्या पायाचं स्वतःचं वजन सोडून उरलेलं सगळं शरीर खुब्यानं तोलायचं असतं. एक पाय वजनाचा साधारण सहावा भाग, म्हणजे इथे १० किलो. उरले ५० किलो. हा भार खुब्याच्या सांध्यापासून आतल्या बाजूला साधारण १० सेंटीमीटरवर खाली ओढतो. ग्लुटिअस मीडिअस आणि त्याचे सोबती ओढतात ते सांध्याच्या बाहेरच्या बाजूला, जेमतेम ५ सेंटीमीटरवरून. तराजूचा हा दांडा स्नायूच्या बाजूला निम्माच असल्यामुळे ५० किलो तोलायला त्याला १०० किलोंची ओढ द्यावी लागते. सांध्यावर दोन्ही मिळून दीडशे किलोंच्या आसपास भार येतो. हे नुसतं स्थिर उभं राहण्याचं झालं. धावताना जमिनीकडून येणारा धक्का वजनाच्या दुप्पट-अडीचपट होतो आणि स्नायूची मागणी त्याच्याबरोबर वाढते.

याच दांड्यामुळे काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. उजवा खुबा दुखत असेल तर डाव्या हातातली काठी खुब्यापासून पन्नासेक सेंटीमीटर दूर असते. तिच्यावर ५ किलो रेटले तरी १० सेंटीमीटरवरच्या २५ किलोंइतका आधार मिळतो, म्हणजे निम्मं काम झालं. दुखतं त्याच बाजूला काठी धरणारे रोज दिसतात.

तपासणीत मी तिला आधी अनवाणी, उजव्या पायावर उभं राहायला सांगितलं. पेल्विस सपाट राहिलं. इथे बरेच जण चाचणी 'बरोबर' लिहून मोकळे होतात. पण नजर कंबरेवरून खांद्यांवर नेली तर दिसत होतं की तिनं धड हलकंसं उजवीकडे झुकवलं आहे. हा शरीराचा हुशार पळपुटेपणा आहे. धड उजवीकडे गेलं की वजनाची रेषा सांध्याजवळ सरकते. समजा ती १० सेंटीमीटरवरून ६वर आली, तर स्नायूला १०० ऐवजी ६० किलोंचीच ओढ द्यावी लागते. पेल्विस सपाट, पण काम चाळीस टक्क्यांनी चुकवलेलं.

म्हणून तिची बोटं भिंतीला नुसती टेकवून खांदे सरळ ठेवायला लावले आणि घड्याळ लावलं. दहाव्या-बाराव्या सेकंदाला डावी कंबर हळूहळू उतरायला लागली आणि तिनं बरोबर त्या उंचवट्यावर बोट ठेवलं. "हेच, हेच दुखतं." तीस सेकंद काही पूर्ण झाले नाहीत. डाव्या पायावर ती तीस सेकंद मजेत उभी राहिली.

खुब्याच्या सांध्याची झीज असेल तर दुखणं सहसा जांघेत येतं, मांडी आत फिरवायला त्रास होतो आणि मोजे-बूट घालताना वाकणं जड जातं. तिला यातलं काही नव्हतं. ग्लुटिअस मीडिअसची नस कंबरेच्या खालच्या मणक्यांतून येते, त्यामुळे तिथे नस दाबली गेली तरी कंबर खचू शकते. पण मग पाऊल आणि पायाचा अंगठा वर उचलण्याची ताकदही बहुधा कमी सापडते. तिची दोन्ही बाजूंना सारखी होती. उंचवट्यावर दाबलं की मात्र ती कळवळायची. चित्र स्पष्ट होतं: स्नायूचं टेंडन, म्हणजे हाडाला चिकटणारी दोरी, दुखावलेली होती.

ताकद मोजली तेव्हा कोडं थोडं गुंतलं. कुशीवर झोपवून, वरचा पाय उचलायला लावून, घोट्याच्या वर यंत्रानं दाब दिला. डावीकडे १२ किलो, उजवीकडे १०. फरक आहे, पण एवढ्यानं कंबर खचावी का? यंत्र खुब्यापासून ७८ सेंटीमीटरवर होतं. भार गुणिले अंतर या मघाच्याच हिशेबानं १० गुणिले ७८ म्हणजे ७८०. शिवाय पायाचं स्वतःचं १० किलो वजनही स्नायू उचलून धरतच होता, त्याचा मध्य खुब्यापासून ३५ सेंटीमीटरवर धरला तर आणखी ३५०. एकूण क्षमता झाली ११३०. एका पायावर उभं राहायला लागतात ५० गुणिले १०, म्हणजे ५००. क्षमतेच्या निम्म्याहून कमी. थोडक्यात, स्थिर उभं राहण्यापुरती ताकद तिच्यात भरपूर होती. ती खचत होती ती ताकद संपल्यामुळे नाही. दुखऱ्या टेंडनवर ताण धरून ठेवायला शरीर नकार देत होतं.

धावण्याचा हिशेब वेगळा. तिथे मागणी हजाराच्या आसपास जाते, म्हणजे ११३०च्या क्षमतेपैकी नव्वद टक्के, आणि तीही दर पावलाला, काही हजार वेळा. हे आकडे ढोबळ आहेत हे मी तिलाही सांगितलं. दांड्याच्या लांब्या माणसागणिक बदलतात आणि झोपून मोजलेली ताकद पावलात जशीच्या तशी उतरत नाही. पण उभं राहताना जेमतेम जाणवणारी गोष्ट धावताना इतकी का उघडी पडते, ते यातून कळतं.

दुसरी गोष्ट वेळेची. हा स्नायू पाऊल टेकल्यावर जागा होत नाही, टेकण्याच्या थोडा आधीच ताणून तयार असतो. मग भार येतो आणि पेल्विस चार-पाच अंश खाली जातं. हे नैसर्गिक आहे, निरोगी चालण्यातही होतं. स्नायू लांबत लांबत हा उतार आवरतो, मधल्या टप्प्यात तो थांबवतो आणि पाऊल मागे सुटेपर्यंत पेल्विस पुन्हा वर येतं. चालताना एक पाऊल जमिनीवर असण्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला दुसऱ्याचाही आधार असतो. धावताना तो काळच नसतो. पाऊल जमिनीला पाव सेकंदाच्या आसपास लागतं आणि स्नायूला पूर्ण ओढ उभी करायलाच त्यातला मोठा भाग जातो. टेकल्यावर सावरू म्हटलं तर उशीर झालेला असतो.

ट्रेडमिलवर तिला धावायला लावलं. कंबरेच्या मागच्या दोन खळ्यांवर चिकटपट्टीचे ठिपके लावले आणि मागून मोबाईलवर सेकंदाला २४० चौकटींनी चित्रीकरण केलं. उजव्या पावलाला डावा ठिपका ९ अंश खाली, डाव्या पावलाला उजवा ५. आणखी एक गोष्ट दिसली जी मैत्रिणीच्या व्हिडिओत सुटली होती. तिची पावलं दोरीवर चालणाऱ्यासारखी एकाच रेषेवर पडत होती, उजवं तर कधी रेषा ओलांडून डावीकडे. मिनिटाला पावलं १५८, लांब लांब.

पाऊल आत पडलं की मांडी आत झुकते. पेल्विस खचलं की त्याच सांध्यात मांडी आणखी आत झुकल्यासारखी होते. आणि मांडी आत झुकली की बाहेरून जाणारा जाड पट्टा, आयटी बँड, टेंडनला उंचवट्यावर दाबतो. म्हणजे टेंडनवर ओढ आणि चेंगरणं एकाच वेळी. हीच स्थिती ती दिवसभर वेगवेगळ्या रूपांत घेत होती: एका पायावर भार टाकून कंबर बाजूला काढून उभं राहणं, खुर्चीत पायावर पाय टाकून बसणं, डाव्या कुशीवर झोपताना वरचा उजवा गुडघा पुढे गादीवर टेकवणं. आणि धावून आल्यावर पाय दुसऱ्याच्या मागे नेऊन आयटी बँड ताणणं, दुखतं म्हणून दिवसातून तीनदा! ताणल्यावर तिला दोन मिनिटं बरं वाटायचं आणि त्या रात्री झोप मोडायची.

तेव्हा पहिल्या आठवड्यात मी तिला व्यायाम दिलाच नाही म्हटलं तरी चालेल. ते ताणणं बंद, पायावर पाय बंद, झोपताना गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत जाड उशी. धावणं आठवड्याला १५ किलोमीटर, एक दिवस आड. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं नाही, तर पुढच्या वेळी अंतर कमी. तिनं इंजेक्शनबद्दल विचारलं. स्टेरॉइडचं इंजेक्शन या दुखण्यात काहीच करत नाही असं नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या २०४ जणांच्या चाचणीत आठ आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ५८ टक्के स्पष्ट सुधारले होते आणि नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी २९ टक्के. पण सवयी बदलून व्यायाम केलेल्यांत तो आकडा ७७ टक्के होता. तिनं इंजेक्शन नको म्हटलं.

मग भार. ती जो शिंपल्यासारखा व्यायाम करत होती, कुशीवर झोपून गुडघे वाकवून उघडमीट, त्यात खुबा वाकलेला असतो आणि पायाचं वजन जवळजवळ लागत नाही. धावण्याच्या कामाशी त्याचं नातं दूरचं. सुरुवात भिंतीशी केली: डावा पाय किंचित उचलून डावा गुडघा भिंतीवर रेटायचा, काम मात्र उजव्या खुब्याला लागतं. ४० सेकंद, पाच वेळा. तिसऱ्या आठवड्यापासून पायरीवर उजव्या पायानं उभं राहून डावी कंबर सपाट ठेवायची आणि तिथून थोडी वर उचलायची. खाली सोडायची नाही, कारण खालीच चेंगरणं होतं. पुढे हातात वजन, कुशीवरचा प्लँक, एका पायाचं उठबस.

धावण्यातली दुरुस्ती मात्र माझ्याकडून आधी चुकली. मी म्हटलं, "कंबर पडू देऊ नका." तिनं खरंच पडू दिली नाही. व्हिडिओत पेल्विस सपाट, आणि धड दर पावलाला उजवीकडे झोल खात होतं. उभ्या चाचणीतला तोच पळपुटेपणा, आता माझ्या सूचनेनं आणलेला. कंबरेवर लक्ष दिलं की माणूस कंबर सांभाळायचा सोपा मार्ग शोधतो, आणि सोपा मार्ग म्हणजे झुकणं. मग कंबरेचं नावच काढलं नाही. ठरावीक तालात टिकटिकणारा मेट्रोनोम मिनिटाला १६८वर लावला आणि एवढंच सांगितलं: "दोन गुडघ्यांमध्ये फट दिसू द्या. ट्रेडमिलच्या पट्ट्याच्या मधल्या रेषेवर पाऊल पडू देऊ नका." पावलं जलद झाली की लहान होतात, शरीर वर-खाली कमी होतं आणि दर पावलाचा धक्का घटतो. त्याच दिवशी, ताकदीत तसूभरही फरक नसताना, उतार ९ वरून ७ अंशांवर आला. खांदे सरळ.

पाचव्या आठवड्यात रात्रीचं दुखणं परत आलं. दोन दिवस आम्ही धावण्याच्या नोंदी चाळल्या, त्यात काहीच सापडत नव्हतं. शेवटी कळलं, तिनं मनानंच एक व्यायाम वाढवला होता: पलंगाच्या कडेला डाव्या कुशीवर झोपून, घोट्याला वजन बांधून उजवा पाय उचलायचा आणि कडेखाली लोंबेपर्यंत सोडायचा. स्नायूला काम चांगलं, पण लोंबलेला पाय म्हणजे मांडी आत झुकलेली, तीही वजनासकट. तो भाग काढला, पाय आडव्या रेषेखाली न्यायचा नाही असं ठरलं. दहा दिवसांत ती पुन्हा झोपू लागली.

बाराव्या आठवड्यात मोजलं तेव्हा उजवीकडे १२ किलो, डावीकडे साडेबारा. एका पायावर तीस सेकंद, खांदे सरळ, दुखणं नाही. धावणं आठवड्याला २५ किलोमीटर. उतार ६ अंश. इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ९ पैकी दोन अंश पहिल्याच दिवशी पावलांच्या बदलानं गेले, आणि त्यानंतर आठ-नऊ आठवड्यांच्या ताकदीच्या कामानं फक्त एक. ताकद वाढली की चाल आपोआप सुधारते असं आम्ही शिकलो होतो. नुसत्या खुब्याच्या ताकदीनं धावण्याची ढब फारशी बदलत नाही, हे अभ्यासांतही दिसलेलं आहे. मग ते व्यायाम वाया गेले का? मला तसं वाटत नाही. कोनात दिसलं नाही तरी मागणी आणि क्षमता यांतलं अंतर रुंदावलं आणि टेंडनला भार पेलायची सवय झाली. पण तिच्या बाबतीत सगळं एकदमच चालू होतं: सवयी बदलल्या, अंतर घटलं, पावलं बदलली, ताकद वाढली. एकाच माणसावरून यातलं कशानं किती केलं ते वेगळं काढता येत नाही.

दुखणं गेल्यावर ती एकदा उगाच येऊन गेली. १४ किलोमीटर धावल्याचा व्हिडिओ दाखवायचा होता, यावेळीही मैत्रिणीनंच काढलेला. पहिल्या किलोमीटरला ठिपके जवळजवळ एका पातळीत. तेराव्याला उजव्या पावलावर डावा ठिपका पुन्हा आठेक अंश उतरत होता, आणि मेट्रोनोम नसल्यानं पावलं १६०वर घसरली होती. आम्ही ट्रेडमिलवर प्रत्येक वेळी पहिली दोन मिनिटंच टिपत आलो होतो. पुढचं चित्रीकरण दहाव्या किलोमीटरनंतर करायचं ठरलं आहे.